थेंब मोजले, पण पाणी किती?

लेखमाला : सहावीची प्रयोगवही – भाग 7

एक रुपयाचं नाणं सपाट ठेवा आणि ड्रॉपरने त्यावर एकेक थेंब पाणी सोडत जा. बघणाऱ्याला वाटतं, सात-आठ थेंबांत पाणी ओघळेल. पण वीस थेंब पडले तरी पाणी नाण्यावरच असतं, आणि बाजूने डोळा लावून पाहिलं तर त्याचा चांगला फुगवटा झालेला दिसतो. हा प्रयोग पृष्ठताणाच्या धड्यासोबत बहुतेक शाळांत होतो. पुढची पायरीही ठरलेली असते. साबणाचं पाणी घ्यायचं, पुन्हा थेंब मोजायचे, ते कमी भरले की ‘साबणाने पृष्ठताण कमी होतो’ असं वहीत लिहायचं. निष्कर्ष बरोबर आहे, पण त्याकडे जाणाऱ्या वाटेत एक खड्डा आहे. प्रकल्प करणाऱ्या मुलांनी तो स्वतः शोधावा असं मला फार वाटतं, म्हणून या आठवड्याचा लेख त्याच्यासाठीच.

आधी फुगवटा का टिकतो ते पाहू. पाण्याच्या आतल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात आणि ते त्याला सगळीकडून ओढतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारीच नसतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग शक्य तितका लहान होऊ पाहतो, आणि या आकसण्याच्या ओढीला पृष्ठताण म्हणतात. ‘पाण्यावर रबराचा पडदा ताणलेला असतो’ असं पुस्तकं सांगतात. ही उपमा जपून वापरावी. रबर जितकं ताणावं तितकं जास्त ओढतं. शुद्ध पाण्याचा पृष्ठभाग मात्र वाढवला तरी ओढ तेवढीच राहते.

नाण्यावर या ओढीचा सामना गुरुत्वाकर्षणाशी होतो. गुरुत्वाकर्षण पाण्याला पसरवू पाहतं, पृष्ठताण गोळा करू पाहतो. शिवाय नाण्याची कडा मदतीला असते. पाणी कडेपर्यंत पसरतं आणि तिथे अडतं, कारण पुढे जायचं तर त्याला एकदम खाली वळावं लागेल. म्हणून कडेवर पाणी उभं राहत जातं, राहत जातं, आणि एका थेंबाला तोल सुटतो.

आता साहित्य. औषधाच्या दुकानातून 2 मिलिची सिरिंज आणा आणि तिची सुई मोठ्या माणसाकडून काढून टाकून घ्या. साध्या ड्रॉपरपेक्षा सिरिंज बरी, कारण तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात आणि पुढे त्यांचीच गरज पडणार आहे. नाणं धुऊन स्वच्छ कापडाने पुसा, नंतर कडेलाच धरा. नाणं टेबलावर ठेवल्यावर फुगवटा एका बाजूला झुकलेला दिसला तर टेबल समपातळीत नाही. खाली कागदाची घडी सरकवा. सिरिंज उभी धरा, टोक नाण्यापासून सुमारे एक सेंटिमीटर वर ठेवा आणि थेंब आपोआप सुटू द्या. टोक फार खाली धरलं तर फुगवटा वाढत गेला की ते त्यात बुडायला लागतं, हे मुलांच्या लक्षात येत नाही. टोक पाण्याला टेकलं की थेंब पूर्ण वाढण्याआधीच ओढला जातो, थेंब लहान पडतात आणि मोजणी उगाच वाढते. फुगवटा वाढेल तसा हातही वर न्यायचा.

साध्या पाण्याचे पाच प्रयोग करा. समजा एका गटाचे आकडे 22, 26, 24, 25, 23 असे आले. सरासरी 24. आकडे सारखे आले नाहीत म्हणून कोणी खोडून दुरुस्त करू नये. शेवटचा थेंब पडताना टेबल किंचित हललं तरी दोन थेंबांचा फरक पडतो, आणि हा चार थेंबांचा विस्तार पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

मग साबणाचं पाणी. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक लहान चमचा, फेस न होऊ देता हळूच ढवळायचं. अंगाच्या साबणाचा कीस शक्यतो टाळा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी असा साबण जोडला जातो, पांढरट साका धरतो आणि पृष्ठभागापर्यंत थोडाच पोहोचतो. लिक्विडच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी असते. या पाण्याचे आकडे समजा 14, 13, 15, 14, 14 आले. सरासरी 14.

बहुतेक वह्या इथे मिटतात. चोवीसचे चौदा झाले, म्हणजे नाण्यावर निम्म्याहून थोडं जास्त पाणी मावलं. पण थांबा. दोन्ही वेळचे थेंब सारखेच होते का?

सिरिंजमध्ये बरोबर 1 मिलि साधं पाणी घ्या आणि त्याचे किती थेंब होतात ते मोजा. समजा 20 झाले. आता त्याच सिरिंजने 1 मिलि साबणाचं पाणी, त्याच संथपणे. थेंब 40 च्या आसपास येतील. म्हणजे साबणाच्या पाण्याचा थेंब आकाराने निम्माच होता. कारण सोपं आहे. सिरिंजच्या टोकाला लटकणाऱ्या थेंबाला तोलून धरतो तोही पृष्ठताणच. तो कमी झाला की थेंब फार वाढण्याआधीच तुटतो. ज्याने आपण मोजत होतो ते मापच मोजायच्या गोष्टीबरोबर बदलत होतं.

आता हिशेब नव्याने मांडू. साधं पाणी : 24 थेंब, 20 थेंबांचा 1 मिलि, म्हणून 1.2 मिलि. साबणाचं पाणी : 14 थेंब, 40 थेंबांचा 1 मिलि, म्हणून 0.35 मिलि. म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हे, तर एक तृतीयांशापेक्षाही कमी! थेंबांच्या मोजणीने साबणाचा परिणाम अर्धा झाकून ठेवला होता. दशांश अपूर्णांकांचा भागाकार सहावीची मुलं करतातच. त्या भागाकाराने निकाल एवढा बदलताना मुलांना दिसतो, ही या प्रकल्पातली मला सर्वांत मोलाची जागा वाटते.

अजून एक पाऊल टाकता येतं. नाणं आलेख कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवा आणि आतले मिलिमीटरचे चौकोन मोजा. एक रुपयाच्या नाण्याचा व्यास सुमारे 22 मिमी असेल, तर चौकोन 380 च्या जवळपास येतील, म्हणजे 3.8 चौरस सेंटिमीटर. 1.2 ला 3.8 ने भागलं की पाण्याची सरासरी उंची मिळते : जवळजवळ 3 मिमी. साबणाच्या पाण्याची भरते जेमतेम 1 मिमी. आता दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास 27 मिमी, क्षेत्रफळ रुपयाच्या दीडपट. त्यावर पाणी जास्त मावेल, पण ते उंच जाईल का? फारसं नाही. पाण्याचा थर किती उंच राहू शकेल हे पृष्ठताण आणि पाण्याचं वजन ठरवतात, नाण्याच्या रुंदीचा वाटा थोडाच. म्हणून सिरिंज उचलण्याआधीच वहीत लिहून ठेवा : 24 ची दीडपट, 36 थेंबांच्या आसपास. मग मोजा.

या प्रयोगाचा खरा शत्रू मळ आहे. साबणाचे प्रयोग झाल्यावर तेच नाणं आणि तीच सिरिंज घेऊन पुन्हा साधं पाणी मोजलं आणि चोवीसऐवजी एकदम पंधरा आले, तर पाणी बदललेलं नाही, साबण उरलेला आहे. म्हणून क्रम नेहमी आधी पाणी, मग साबण, आणि जमलं तर दोघांच्या सिरिंज वेगळ्या. इतक्या थोड्या मळाने पृष्ठभाग एवढा बदलतो, हे नीट मोजून दाखवणाऱ्यांमध्ये आग्नेस पोकेल्स हिचं नाव फार वरचं आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात घरकाम सांभाळणारी ही मुलगी विद्यापीठात शिकलेली नव्हती. तिने पत्र्याचा एक लांबट, उथळ ट्रे बनवला. पाण्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवून ती सरकवली की पृष्ठभागावरचा मळ एका बाजूला दाटायचा. एक लहानशी चकती पाण्याला टेकवून ती उचलायला तराजूत किती वजन लागतं, यावरून ती पृष्ठताण मोजायची. 1891 मध्ये तिने लॉर्ड रॅले या ख्यातनाम भौतिकशास्त्रज्ञाला आपली निरीक्षणं पत्राने कळवली. रॅलेंनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षी ते छापून आलं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. पृष्ठभागावरच्या पातळ थरांच्या अभ्यासात तिच्या ट्रेचीच सुधारलेली रूपं पुढे प्रयोगशाळांत आली.

राहिलं तेल. शेंगदाण्याचं घ्या. खोबरेल थंडीत गोठतं, प्रयोग अडकतो. नाण्यावर नुसत्या तेलाचे थेंब मोजणं मला फारसं पटत नाही. तेल धातूला चिकटून हळूहळू कडेवरून खाली उतरतं आणि घट्ट असल्यामुळे उतरायला वेळ घेतं. दोन थेंबांमध्ये दोन सेकंद थांबलात की दहा, यावर आकडा बदलतो. म्हणजे आपण पृष्ठताणाऐवजी बराचसा स्वतःचा धीर मोजत राहतो.

तेलाचा दुसरा उपयोग करा. नाण्यावर साध्या पाण्याचे 20 थेंब चढवा, म्हणजे सांडायला थोडी जागा उरते. काडीचं टोक तेलात बुडवून झटका आणि ते फुगवट्याच्या माथ्याला अलगद टेकवा. फुगवटा किंचित बसेल, पण बहुधा सांडणार नाही. नवीन 20 थेंब, दुसरी काडी, या वेळी लिक्विडमध्ये बुडवलेली. टेकवताक्षणी पाणी ओघळतं. तेलही पाण्यावर पसरतं आणि पृष्ठताण कमी करतं, पण थोडासाच. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून दूर राहू पाहतं, त्यामुळे ते रेणू पृष्ठभागावर दाटीने उभे राहतात आणि ताण एक तृतीयांशाच्या आसपास आणून ठेवतात. तळणीचं उरलेलं तेल वापरलं तर ते ताज्यापेक्षा जास्त परिणाम करताना दिसू शकतं. तापून तापून त्यात मोकळी मेदाम्लं वाढलेली असतात, आणि त्यांची रचना साबणाच्या रेणूसारखीच दोन तोंडांची असते.

काही मुलं विचारतील, गरम पाणी घेतलं तर? पृष्ठताण तापमानाने कमी होतो हे खरं आहे. 20 अंश सेल्सिअसला तो दर मीटरला सुमारे 73 मिलिन्यूटन असतो, 50 अंशांना 68. पण फुगवट्याची उंची पृष्ठताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे सात टक्क्यांची घट उंचीत साडेतीन टक्केच दिसेल. चोवीस थेंबांत तो फरक एका थेंबाहूनही कमी. आपले पाच आकडे 22 पासून 26 पर्यंत पसरले होते. तेवढ्या गर्दीत एका थेंबाचा फरक या नाण्याला दिसणार नाही, आणि कुणाच्या वहीत ‘गरम पाण्याचे दोन थेंब कमी भरले, म्हणून पृष्ठताण कमी’ असं लिहिलेलं आढळलं, तर त्याच्याकडे पाचही आकडे मागावेत.