एका घरात दोन राउटर

ठाण्यातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. फायबरची तार दाराजवळच्या पांढऱ्या डब्यात येते. हा डबा इंटरनेट कंपनीनेच बसवून दिलेला. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून घरच्यांनी दुकानातून एक चांगला राउटर आणला, केबल ओढून पांढऱ्या डब्याला जोडला आणि मुलाचा एक्सबॉक्स या नव्या राउटरवर लावला. स्पीड टेस्ट केली तर १०० एमबीपीएस पूर्ण. सिनेमे दिसतात, गेम डाउनलोड होतात. पण रात्री चार मित्र खेळायला बसले, की एकाचा आवाज या मुलाला ऐकूच येत नाही, आणि त्या मित्राने गेम होस्ट केला तर याला आत शिरता येत नाही. घरच्यांनी प्लॅन वाढवून ३०० एमबीपीएसचा घेतला. तरीही तेच.

तेच राहणार होतं, कारण दुखणं वेगाचं नाहीच. एक्सबॉक्समध्ये Settings, मग General, मग Network settings आणि तिथे Test NAT type अशी तपासणी आहे. ती चालवल्यावर पडद्यावर आलं: Double NAT detected.

नॅट हा प्रकार १९९४ साली कागदावर मांडला गेला, तो इंटरनेटवरचे पत्ते अपुरे पडू लागले म्हणून. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला वेगळा जाहीर पत्ता देणं परवडणारं नव्हतं. म्हणून राउटर घरातल्या सगळ्यांना आपल्या पदरचे खासगी पत्ते वाटतो, आणि बाहेर मात्र सगळ्यांच्या वतीने स्वतःचा एकच पत्ता लावतो. आतून कोणी काही मागवलं की तो नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो.

अडचण येते ती न मागता आलेल्या माणसाची. मित्राचा कन्सोल थेट या कन्सोलशी जोडू पाहतो, तेव्हा राउटरच्या वहीत त्याची नोंद नसते आणि तो त्याला परत पाठवतो. यासाठी यूपीएनपी नावाची सोय आहे. कन्सोल आपल्या राउटरला आधीच कळवतो, की अमुक पोर्टवर आलेलं माझ्याकडे पाठव. एक्सबॉक्सचा नेहमीचा पोर्ट ३०७४.

आता ठाण्याच्या घरात काय झालं बघा. कन्सोलने निरोप दिला तो आतल्या, नव्या राउटरला. त्याने मान्य करून दार उघडलं. पण पांढरा डबासुद्धा राउटरच आहे, तोही नॅट करतो, आणि त्याला या निरोपाचा पत्ताच नाही. सोसायटीत पाहुणा येणार हे लिफ्टजवळच्या वॉचमनला सांगितलं आणि मुख्य फाटकावरच्याला सांगायचं राहिलं, तर पाहुणा रस्त्यावरूनच परत जातो. तसंच हे. आतून बाहेर जाणारं सगळं दोन्ही दारांतून सुरळीत जातं, म्हणून स्पीड टेस्टला काही कळत नाही.

प्लेस्टेशन ५ वर ‘डबल नॅट’ असे शब्द दिसत नाहीत. तिथे इंटरनेटची तपासणी केल्यावर NAT Type 3 आला तर संशय घ्यायचा. खात्री करायला आपल्या राउटरच्या पानावर WAN किंवा Internet या शीर्षकाखालचा पत्ता वाचावा. ठाण्यात तो 192.168.1.7 निघाला. 192.168 ने, 10 ने किंवा 172.16 ते 172.31 ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. ते बाहेरच्या बाजूला दिसले, याचा अर्थ पुढे अजून एक नॅट बसलेला आहे. विंडोजच्या लॅपटॉपवरही हे दिसतं:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिल्या दोन ओळींत 192.168.0.1 आणि 192.168.1.1 असे दोन खासगी पत्ते आले, म्हणजे दोन्ही दारं ओळीने समोर.

उपाय करण्याआधी मात्र एक गोष्ट बघून घ्यावी, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. पांढऱ्या डब्याच्या पानावर त्याचा स्वतःचा WAN पत्ता काय आहे? तो 100.64 ते 100.127 यांच्यात सुरू होत असेल, तर कंपनीने स्वतःच्या केंद्रातही एक नॅट लावला आहे. हा पट्टा २०१२ साली खास त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या तिथे 10 ने सुरू होणारा पत्ताही देतात. ते दार आपल्या हातात नाही. अशा वेळी ग्राहक सेवेला फोन करून वेग कमी असल्याची तक्रार नोंदवण्यात अर्थ नाही. मला पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी हवा, एवढंच स्पष्ट मागावं. त्यासाठी बहुधा वेगळे पैसे लागतात.

ठाण्याच्या डब्यावरचा पत्ता यांपैकी कुठलाच नव्हता, सरळ जाहीर होता. म्हणजे घरातलंच एक दार काढायचं होतं.

बहुतेक घरांसाठी सर्वांत सोपा मार्ग नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करण्याचा. त्याच्या पानावर Operation Mode मध्ये Access Point निवडलं की तो पत्ते वाटणं आणि नॅट करणं सोडतो, फक्त वायफाय पसरवतो. आता कन्सोल थेट पांढऱ्या डब्याशी बोलतो, म्हणून त्या डब्यात UPnP चालू आहे ना, हे पाहून घ्यावं लागतं. इथेच बरेच जण घाबरतात: बदल केल्यावर राउटरचं पान 192.168.0.1 वर उघडतच नाही. राउटर बिघडलेला नसतो. त्याला आता पांढऱ्या डब्याकडून नवा पत्ता मिळालेला असतो आणि तो डब्याच्या यादीत सापडतो. पालकांसाठीची वेळेची बंधनं नव्या राउटरवर लावली असतील तर ती या मार्गात बहुधा जातात, हा खरा तोटा.

ती बंधनं हवीच असतील तर उलट करावं, म्हणजे पांढरा डबा ब्रिज मोडवर टाकून राउटिंगचं सगळं काम नव्या राउटरकडे द्यावं. पण मग कंपनीचं PPPoE युजरनेम, पासवर्ड आणि कधी VLAN क्रमांक आधी मागून घ्यावा लागतो. डब्याचं वायफाय बंद होतं, त्याला जोडलेला लँडलाइन फोनही बंद पडू शकतो. काही कंपन्यांनी हा पर्याय कुलूपबंदच ठेवलेला असतो.

दोन्ही जमलं नाही तर डब्याच्या DMZ मध्ये नव्या राउटरचा पत्ता, इथे 192.168.1.7, भरायचा आणि तो बदलू नये म्हणून राखून ठेवायचा. मग डबा न मागता आलेलं सगळं आतल्या राउटरकडे सोडतो. यात एक खोच आहे. स्वतःचा बाहेरचा पत्ता खासगी दिसला की काही राउटर यूपीएनपीची विनंतीच नाकारतात. तसं झालं तर आतल्या राउटरवर ३०७४ हा यूडीपी पोर्ट कन्सोलच्या पत्त्याकडे हाताने वळवावा लागतो.

ठाण्यात पहिला मार्ग पुरला. आधी पांढरा डबा आणि मग राउटर बंद करून चालू केला. एक्सबॉक्सचं बटण दहा सेकंद दाबून धरून तो पूर्ण बंद केला, कारण नुसता झोपवलेला कन्सोल जुनीच माहिती धरून बसू शकतो. पुन्हा तपासणी चालवली. या वेळी पडद्यावर Open आलं, आणि त्या रात्री चौथ्या मित्राचा आवाज हेडफोनमध्ये आला.