घर मुबारक, आणि तो वजूचा ओटाही

दौंडहून मामूंच्या नव्या घराचे फोटो आले तेव्हा आम्ही शिरूरला रात्रीचं जेवण उरकत होतो. अकरा फोटो होते. घरभरणीच्या दावतीला आम्हाला जाता आलं नव्हतं. रांजणगावच्या कारखान्यातली पाळी बदलून मिळाली नाही आणि मुलांची परीक्षा त्याच आठवड्यात होती. त्यामुळे जे काही म्हणायचं ते आता लिहूनच म्हणायचं होतं. आमच्या आधी वीस-पंचवीस नातलगांनी मुबारकबाद पाठवून टाकली होती. सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच: माशाअल्लाह, खूप सुंदर घर, मुबारक हो.

त्यात चूक काहीच नव्हती. पण मामूंचं हे आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. सगळी नोकरी रेल्वेत गेली, सगळा संसार रेल्वेच्या क्वार्टरात झाला. दौंड जंक्शनचं गाव. तिथे अशी कितीतरी कुटुंबं आहेत, की ज्यांना निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामं करून द्यावं लागतं आणि साठीच्या घरात आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कुलूप लावायला मिळतं. अशा माणसाला पंचविसावं ‘खूप सुंदर’ पाठवून काय होणार, असं आम्हाला वाटलं. मग आम्ही दोघे फोन मध्ये ठेवून बसलो.

आधी दुआचा विचार केला. आपण घाईत जे शब्द वापरतो त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. ‘माशाअल्लाह’ ही कबुली आहे: हे अल्लाहच्या मर्जीने झालं. सूरह कहफमध्ये बागेचा गर्व झालेल्या माणसाला त्याचा साथी हीच आठवण करून देतो, की आपल्या बागेत शिरताना तू हे म्हणायला हवं होतंस. म्हणजे मुळात हे बोल ज्याची वस्तू त्यानेच म्हणायचे आहेत. दुसऱ्याची वस्तू पाहून आपणही ते म्हणतो आणि ते योग्यच आहे, पण त्यात समोरच्यासाठी मागणं येत नाही. मागणं येतं ते ‘बारकल्लाह’मध्ये, म्हणजे अल्लाह बरकत देवो.

आणि बरकत म्हणजे नुसती वाढ नव्हे. अरबीत हे शब्द ज्या मुळापासून येतात त्याच मुळापासून उंटाने गुडघे टेकून बसण्याचा शब्द येतो, आणि पाणी साठून राहतं त्या हौदाला ‘बिर्का’ म्हणतात तोही. जे येतं आणि टिकून राहतं, ते चांगलं म्हणजे बरकत. आपला ‘मुबारक’ही त्यातलाच: ज्यात बरकत घातली आहे असं. ज्यांनी बदलीच्या हुकमावर क्वार्टरं सोडली त्यांच्यासाठी ‘टिकून राहणं’ याहून मोठी दुआ कोणती असणार? घर बांधून झाल्यावर द्यायच्या जेवणालाही अरबीत वेगळं नाव आहे, ‘वकीरा’. ते ‘वक्र’ या शब्दावरून आलं. हा आपला वाकडा ‘वक्र’ नव्हे. अरबीत त्याचा अर्थ पक्ष्याचं घरटं.

मग दुसरा प्रश्न. दुआ तर झाली, पण फोटोतली एखादी गोष्ट नाव घेऊन सांगायची कशाला? घरच्यांना नजरेची भीती असते, म्हणून बरेच जण काही न बोललेलं बरं समजतात. इथे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आलेली हकिकत आठवली. सहल बिन हुनैफ आंघोळ करत होते. आमिर बिन रबिआ यांनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्या कांतीची तारीफ केली. सहल तिथेच कोसळले. प्रेषित सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना हे कळलं तेव्हा त्यांनी आमिर यांना विचारलं, की पाहून आवडलं तर तू बरकतची दुआ का केली नाहीस? आम्हाला यातून एवढं समजतं, की बघणं आणि आवडणं यावर बंदी नाही. जे आवडलं त्याच्यावर दुआ ठेवायची राहून गेली, ही चूक. म्हणजे डोळा जिथे थांबला, दुआही तिथेच थांबली पाहिजे.

पण डोळा कुठे थांबवायचा, हे आम्ही एकदा ठेच खाऊन शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका जोडप्याच्या नव्या घराचे फोटो आले होते. हॉलच्या छताला दोन मजबूत लोखंडी कड्या दिसल्या. आम्ही कौतुकाने लिहिलं, ‘पाळण्याच्या कड्या आधीच लावून ठेवल्यात, अल्लाह लवकर पाळणा हलवो.’ लग्नाला नऊ वर्षं झाली होती. उत्तर एका शब्दाचं आलं, ‘आमीन’. पुढे कितीतरी महिने त्या घरून फोन नाही, ईदला येणं नाही. नंतर कळलं, कड्या झोपाळ्यासाठी होत्या. लहानपणापासून तिला झोपाळ्याची हौस, म्हणून नवऱ्याने स्लॅब पडायच्या आधीच त्या सळईला बांधून घेतल्या होत्या. आम्ही कड्या बरोबर पाहिल्या. त्यापुढचं सगळं आमच्या मनातलं होतं आणि नेमकं तेच लिहून पाठवलं. दुआ होती, पण तिला टोमण्याची धार आली. त्यांची माफी आम्ही घरी जाऊन मागितली. त्या झोपाळ्यावर बसून चहाही झाला, पण मधला वेळ परत आला नाही.

तेव्हापासून एक नेम ठेवला आहे: दिसलं तेवढंच लिहायचं, त्यावरून जे सुचलं ते नाही. फोटोतली वस्तू कशासाठी आहे याची खात्री नसेल तर तिला हातच लावायचा नाही.

मामूंचे अकरा फोटो आम्ही या नेमाने पाहिले. पहिल्यात फाटक आणि नावाची पाटी. पाटीवर मोठ्या मुलाचं नाव होतं, धाकट्याचं नव्हतं. ते बोलायचं नाही. हॉलचं पीओपीचं छत सगळ्यांनीच वाखाणलं होतं, आणि त्यावर बोलायला लागलं की गोष्ट खर्चावर जाते. खर्चावर गेली की कोणीतरी विचारतं, कर्ज काढलं का, बँकेचं की कोणाचं? ज्या घरात व्याजाचा विचार करून रात्री जागल्या असतील, तिथे हा प्रश्न मुबारकबादीच्या पदराखाली पाठवणं म्हणजे चिमटा काढणं. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांचंही तेच. झोपायच्या खोलीच्या फोटोत आरशात घरातल्या बायकांपैकी कोणीतरी ओढणीशिवाय दिसत होतं. ते सगळ्यांसमोर लिहायचं नव्हतं. मामींना वेगळा फोन करून सांगितलं आणि तो फोटो लगेच काढून टाकला गेला.

नववा फोटो मागच्या अंगणाचा होता. खरं तर तो कोणीतरी तुळतुळीत रंगाच्या भिंतीसाठी काढला असावा. पण भिंतीच्या कोपऱ्यात एक ओटा होता. बसायला शहाबादी फरशी, जमिनीपासून साधारण दीड फूट. समोर नळ, बसल्या माणसाच्या हाताला येईल एवढाच उंच. पायाखाली गुळगुळीत टाइल नाही, खडबडीत फरशी, आणि पाणी निघून जायला पन्हळ. उजव्या हाताशी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा.

मामूंचे गुडघे आम्हाला ठाऊक आहेत. क्वार्टरात उभ्याने बेसिनवर वजू करताना एक पाय वर उचलायचा आणि दुसऱ्या हाताने नळ धरायचा, ही त्यांची पाच वेळची कसरत आम्ही पाहिली होती. एकदा ओल्या फरशीवर पाय घसरून ते पडलेही होते. तेव्हा या ओट्याबद्दल काही ताडायची गरज नव्हती. तो कशासाठी आहे ते दिसत होतं, आणि कोणासाठी तेही.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण मामू मराठी शाळेत शिकले, त्यांना मराठी वाचायला सोपं जातं. म्हणून मराठीतच लिहिलं. पहिल्या खर्ड्यात ‘आता पडायची भीती नाही’ असं आलं होतं. ते खोडलं, आनंदाच्या दिवशी पडल्याची आठवण कशाला. दुसऱ्यात ‘मुलगा असावा तर असा’ होतं. तेही खोडलं, कारण मुलगे दोन आहेत आणि ओटा कोणी करवून घेतला ते आम्हाला माहीत नव्हतं. उरलं ते असं:

‘मामू, मामी, अस्सलामु अलैकुम. घर मुबारक. अल्लाह या घरात बरकत देवो आणि ती टिकवो. मागच्या अंगणातला बसून वजू करायचा ओटा पाहिला. नळ बरोबर हाताशी आणि दांडाही. ज्याने हे सुचवलं आणि ज्याने बांधलं, त्या दोघांच्या हातांत अल्लाह बरकत देवो. आलो की तिथेच वजू करू.’

पाठवण्याआधी एकदा तपासलं. मामूंचं नाव काढून हाच मजकूर दुसऱ्या कोणाच्या घराला पाठवता येईल का? नाही येणार. यात कुठला प्रश्न आहे का, ज्याचं उत्तर देताना त्यांना अवघडावं लागेल? नाही. मग पाठवला.

सकाळी फजरनंतर मामींचा फोन आला. ओटा धाकट्या सुनेने सुचवला होता. त्या जागेवर वॉशिंग मशीन ठेवायचं ठरलं होतं. गवंडीही म्हणाला, कोपरा वाया जाईल. थोरल्यांनी हसून सोडून दिलं होतं. तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा स्वतः खुर्चीवर बसून नळाची उंची खडूने भिंतीवर आखून दिली. दावतीला एवढी माणसं आली, छत पाहिलं, ट्रॉल्या ओढून पाहिल्या, मागच्या अंगणात कोणी गेलं नाही.

‘मामूंनी तुमचं लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवलं,’ मामी म्हणाल्या. ‘ती काही बोलली नाही. आत जाऊन ओट्यावर एक स्वच्छ टॉवेल ठेवून आली.’

पुढच्या रविवारी आम्ही दौंडला जाणार आहोत. दांडा किती इंचांचा आणि ओटा नेमका किती उंच ठेवला, ते त्या सुनेलाच विचारून मोजून आणायचं आहे. आमच्या अम्मींचेही गुडघे आता कुरकुरतात.