तारेभोवती वर्तुळं, तरी कर्ल शून्य

सरळ, लांब तारेतून प्रवाह गेला की भोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळं तयार होतात. म्हणून तारेबाहेरही कर्ल असणारच, असं अनेक विद्यार्थी लिहितात. ते चूक आहे. कर्ल विचारतो: त्या बिंदूवर ठेवलेली इवलीशी भिंगरी स्वतःभोवती फिरेल का? तारेपासूनचं अंतर दुप्पट झालं की क्षेत्र निम्मं होतं, पण तेवढ्याच कोनातला कंस दुप्पट लांब होतो. आतल्या-बाहेरच्या कंसांवरचे गुणाकार सारखेच, म्हणून भिंगरी स्थिर. तारेच्या आत मात्र प्रवाह वाहतो, तिथे ती फिरते. डायव्हर्जन्स विचारतो: एखाद्या बिंदूतून क्षेत्ररेषा उगम पावतात का? वर्तुळाला सुरुवातही नाही, शेवटही नाही. त्यामुळे डायव्हर्जन्स तारेच्या आत-बाहेर सगळीकडे शून्यच.