साडीचा चौकोन, भेंडीचे ठसे

मैत्रिणीच्या वाढदिवसाला गोष्टींचे पुस्तक द्यायचे असेल, तर त्याचे वेष्टन आठ वर्षांचे मूल एकटे सजवू शकते. चकचकीत कागद मात्र मुलांच्या हातात नीट वळत नाही. तो निसटतो, चिकटपट्टी वाकडी लागते आणि शेवटी मोठ्यांनाच पुढे यावे लागते. कापडाचे तसे नाही. चुकले तर गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची. आपल्याकडे पोथ्या अशाच बांधून ठेवत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांना आजही रुमालच म्हणतात. जपानमध्येही चौकोनी कापडात वस्तू बांधायची जुनी रीत आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी या ‘फुरोशिकी’चा मुद्दाम प्रचार केला होता.

कापड जुन्या सुती साडीचे घ्यावे. सिल्क किंवा नायलॉनची गाठ सरकते, आणि त्यावर रंगही नीट धरत नाही. पुस्तक साधारण २१ सेंटिमीटर लांब आणि १४ रुंद असेल, तर ५५ सेंटिमीटरचा चौकोन लागतो. अंदाज असा, की चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर पुस्तकाच्या लांबीच्या साडेतीनपट असावे. कडेला कात्रीने छोटी चीर देऊन ओढले की सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटते, त्यामुळे आखायची गरज पडत नाही. हे काम मोठ्यांनी करावे. दुसरे मोठ्यांचे काम भेंडी कापण्याचे. देठापासून दोन बोटांवर आडवा, सरळ काप द्यायचा. काप तिरका गेला तर ठशाची एकच बाजू उमटते.

यापुढे मोठ्यांनी बाजूला व्हावे.

कापलेली भेंडी तासभर उघडी ठेवून फडक्याने पुसायची. नाहीतर तिचा चिकट रस रंगात मिसळतो आणि ठसा पसरट होतो. रंग कापडावरचा घ्यावा. पोस्टर रंग धुताना निघून जातो. भेंडी थेट रंगात बुडवली तर आतल्या खाचा भरून नुसता गोळा उमटतो. त्यासाठी बशीत ओल्या स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर रंग पसरायचा आणि भेंडी त्यावर टेकवायची. कापडाखाली वर्तमानपत्र अंथरायचे, पहिले दोन ठसे त्याच्याच कडेला मारून पाहायचे. मग सरळ दाबायचे, सरळ उचलायचे. पाच पाकळ्यांचे फूल स्वच्छ दिसले, की रंग बेताचा लागला असे समजावे.

ठसे कुठे मारायचे, हे मुलाला आधी दाखवायला हवे. चौकोनाचा मधला भाग पुस्तकाखाली जातो, वर दिसतात ते कोपरे. मधोमध सुंदर मोर काढला आणि तो गाठोड्याच्या तळाशी गेला, की मूल फार हिरमुसते. म्हणून कोपरे भरायचे, मध्य मोकळा ठेवायचा. रंग वाळला की ठशांची बाजू खाली करून पुस्तक कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे लांब होईल असे ठेवायचे. लांब बाजूंकडचे दोन कोपरे एकेक करून पुस्तकावर घ्यायचे आणि उरलेले दोन वर आणून बांधायचे. बुटाच्या नाडीची पहिली गाठ मुलाला येत असते. तीच दोनदा मारायची, पण दुसऱ्यांदा उलट हाताने. बरोबर बांधली तर दोन्ही टोके कापड जिकडून आले त्याच रेषेत पडतात. आडवी उभी राहिली तर ती गाठ सुटणार.

कापड नसेल तर वर्तमानपत्र. पुरवणीचे किंवा शब्दकोड्याचे पान निवडावे; निधनवार्ता आणि अपघाताच्या बातम्या वाढदिवसाला नकोत. हा कागद पाण्याच्या रंगाने सुरकुततो आणि फाटतो, म्हणून त्यावर मेणखडू वापरावेत. शाई हाताला लागते, तेव्हा पुस्तकाला आधी कोरा कागद गुंडाळावा.

वरून मुलाच्या चित्राचा पट्टा लावला तर वर्तमानपत्र एकदम देखणे होते. अशा दोन सेंटिमीटर जाड पुस्तकाचा घेर ३२ सेंटिमीटर भरतो आणि ए-फोर कागद ३० चाही नसतो, तेवढ्याने पट्टा तोकडा पडतो. ए-थ्री आकाराच्या चित्रकलेच्या कागदाची दहा सेंटिमीटर रुंद, पूर्ण लांबीची पट्टी कापावी. मध्यभागी १४ सेंटिमीटरवर दोन पुसट रेघा मारून त्यांच्या आतच चित्र काढायला सांगावे. हत्ती रेघेबाहेर गेला तर त्याची सोंड पुस्तकाच्या मागे वळते. टोके मागच्या बाजूला एकमेकांवर डिंकाने चिकटवावीत, वर्तमानपत्राला नाही, म्हणजे पट्टा अख्खा निघतो आणि चित्र जपून ठेवता येते.

भेट खाऊची असेल तर लाडू वर्तमानपत्रात थेट बांधू नयेत. छपाईची शाई खाद्यपदार्थात उतरते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसे न करण्याची सूचना दिली आहे. लाडू डब्यात ठेवावेत आणि डब्याला बाहेरून कागद किंवा कापड बांधावे.