फेरीवाल्यांचा अहवाल दोन पानांत

संस्थेच्या कार्यकर्त्याला तीनशे पानी अहवाल वाचायला सवड नसते. म्हणून सारांशाच्या पहिल्याच परिच्छेदात मुख्य निष्कर्ष यावा. अभ्यासपद्धती शेवटी दोन ओळींत पुरते.

मुंबईचंच घ्या. 2014च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार फेरीवाल्यांनी अर्ज भरले, पात्र ठरले जेमतेम 15 हजार. सारांशात नुसता दुसरा आकडा दिला, तर शहरात फेरीवालेच थोडे आहेत असं वाटेल. दोन्ही आकडे शेजारी हवेत, आणि लगेच कारणही: अधिवासाच्या अटीवर अनेक जण अडले. माझ्या मते सगळ्या अहवालाचं मर्म या तफावतीत आहे.

पुढचं वाक्य कामाचं असावं. 2014च्या कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत करावा लागतो. भाजीवालीची टोपली उचलली गेल्यावर कार्यकर्त्याला नेमकं हेच लागतं. शहर फेरीवाला समितीत 40 टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांच्या असतात. बैठकीत हा मुद्दा तिथूनच मांडता येतो.