माणूस एक, तरी ‘दे आर’

इंग्रजीच्या पेपरात क्वेश्चन टॅग सोडवलेल्यांना एक उत्तर पाठ असतं. ‘समबडी कॉल्ड’ असं वाक्य आलं की पुढे ‘डिडन्ट दे?’ लावायचं. समबडी म्हणजे कुणीतरी एक. मग त्याच्यासाठी अनेकवचनी ‘दे’ का, हे सांगितलं जात नाही आणि नोकरीत पहिली इंग्रजी चिठ्ठी लिहिताना तिथेच अडायला होतं.

एकट्या माणसासाठी ‘दे’ वापरणं हे आजकालचं फॅड नाही. माणूस कोण हे ठाऊक नसेल, तर इंग्रजीत चौदाव्या शतकापासून ‘दे’ चालत आलं आहे. ‘ही’चा आग्रह त्यानंतरचा. अ‍ॅन फिशर या शिक्षिकेच्या 1745च्या व्याकरणात पुल्लिंगी सर्वनाम दोघांनाही लागू आहे असं म्हटलेलं आहे. 1850 साली ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेसाठी तेच ठरवलं आणि आपल्याकडे 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या तेराव्या कलमात तो नियम आजही आहे. सरकारी इंग्रजीतून तो आपल्या कचेऱ्यांत उतरला. बोलण्यातलं ‘दे’ मात्र कधी थांबलं नाही. शोधनिबंधांच्या शैलीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एपीए नियमावलीने 2019 साली त्याला उघड मान्यता दिली.

आता क्रियापद. माणूस एक असला तरी ‘दे’ पुढे ‘आर’, ‘हॅव’, ‘वॉन्ट’ हेच येतं. ‘दे इज’ किंवा ‘दे हॅज’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही. ‘यू’चं हेच झालं होतं. एके काळी ‘यू’ फक्त अनेकांसाठी होतं, एकट्यासाठी ‘दाऊ’. पुढे ‘यू’ एकट्यालाही लागू लागलं, पण ‘आर’ तसंच राहिलं. अठराव्या शतकात काहीजण ‘यू वॉज’ लिहू लागले होते. रॉबर्ट लोथ यांनी 1762 साली त्यावर हरकत घेतली आणि ‘यू वेअर’च टिकलं. क्रियापद सर्वनामाच्या रूपाकडे बघतं, माणसं मोजत नाही.

मराठी माणसाला हे अवघड वाटू नये. आजोबा एकच असतात, तरी आपण ‘आजोबा आले’ म्हणतो. पण इथेच एक सापळा आहे. आपलं ‘ते’ आदराचं, इंग्रजी ‘दे’मध्ये आदर नाही. म्हणून ‘माय फादर इज हिअर, दे आर वेटिंग’ हे वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला बुचकळ्यात पाडतं. वडील आहेत हे माहीत आहे, तेव्हा तिथे ‘ही इज’ हवं.

एक चिठ्ठी लिहून पाहू. मेल आली आहे, खाली नाव फक्त एस. कुलकर्णी. बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. मराठीत ‘एस. कुलकर्णी यांनी बिलाची प्रत मागितली आहे’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीत लिहायचं: ‘एस. कुलकर्णी हॅज आस्क्ड फॉर द बिल. दे नीड इट बाय फोर.’ माणूस तोच, पण नावापुढे ‘हॅज’ आणि ‘दे’पुढे ‘नीड’. ही विसंगती नाही, अशीच लिहायची असते. चुका होतात त्या एकाचं क्रियापद दुसऱ्याला लावल्याने: ‘कुलकर्णी हॅव आस्क्ड’ किंवा ‘दे नीड्स’. भूतकाळात मात्र बराच त्रास वाचतो. ‘कॉल्ड’, ‘आस्क्ड’ दोन्हीकडे सारखेच. सांभाळायचं फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’.

खरी गडबड चिठ्ठी आखूड करताना होते, कारण तिथे आपण कर्ताच गाळतो. ‘कुरिअर पर्सन केम अ‍ॅट इलेव्हन. हॅव लेफ्ट द पार्सल विथ सिक्युरिटी.’ लिहिणाऱ्याच्या मनात दुसऱ्या वाक्याचा कर्ता ‘दे’ आहे, म्हणून त्याने ‘हॅव’ लिहिलं. वाचणाऱ्याला तिथे ‘दे’ दिसत नाही. कर्ता नसलेलं ‘हॅव’ तो ‘आय हॅव’ असं वाचतो, म्हणजे पार्सल चिठ्ठी लिहिणाऱ्याने ठेवलं. तेव्हा ‘दे’ गाळलं तर क्रियापद पहिल्या नामाकडे परत न्यावं आणि ‘हॅज लेफ्ट’ लिहावं. ‘हॅव’ ठेवायचं तर ‘दे’ गाळू नये. मी स्वतः ‘हॅज’ पसंत करतो, चिठ्ठी छोटी राहते.

‘दे’ची एक मर्यादा आकड्याची आहे. ‘समवन फ्रॉम द बँक मेट द पार्टनर्स. दे हॅव साइन्ड.’ सही कुणी केली, बँकेच्या माणसाने की भागीदारांनी? क्रियापद इथे काही मदत करत नाही, दोन्हीकडे ‘हॅव’च येतं. अशा ठिकाणी सर्वनाम सोडून नाम पुन्हा लिहावं: ‘द बँक ऑफिसर हॅज साइन्ड.’ ‘हॅज’ आलं की एकाच माणसाची सही झाली, हेही कळतं.