आई-वडिलांसाठी आरोग्य विम्याची रक्कम किती असावी?

घरातल्या पाच जणांसाठी दहा लाखांची एकच फ्लोटर पॉलिसी घेतली की पुरेसं संरक्षण झालं, असं अनेकांना वाटतं. पण फ्लोटरमधले दहा लाख प्रत्येकाचे नसतात. वर्षभरात पाचही जणांनी मिळून वापरायची ती रक्कम असते, आणि त्या पाचांत साठी ओलांडलेले दोघे असतील तर ती लवकर संपते.

नाशिकमधलं एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. नवरा-बायको चाळिशीच्या आसपास, एक मुलगी, वडील ६८ वर्षांचे, आई ६४ची. जुलैत वडिलांची बायपास होते आणि बिल येतं पावणेपाच लाख. नोव्हेंबरमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होते, तिला साडेचार लाख लागतात. पॉलिसीत उरतात ७५ हजार. जानेवारीत मुलीला अपघात होऊन तीन लाखांचं बिल झालं, तर सव्वादोन लाख खिशातून जातात. काही पॉलिसींत संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळते. पण कुठे ती त्याच आजाराला चालत नाही, तर कुठे मूळ रक्कम पूर्ण संपल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे तिच्या भरवशावर विमा रक्कम कमी ठेवू नये.

शिवाय बहुतेक फ्लोटरचा हप्ता सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. म्हणजे ६८ वर्षांच्या वडिलांमुळे सगळ्या घराचा हप्ता चढतो. म्हणून नवरा-बायको आणि मुलं यांची एक पॉलिसी आणि आई-वडिलांची दुसरी, अशी विभागणी बहुतेक घरांना सोयीची पडते.

आता आई-वडिलांचा आकडा ठरवू. आपण ज्या रुग्णालयात खरोखर जाऊ, तिथून बायपास, गुडघे आणि आयसीयूतले दहा दिवस यांचा अंदाजे खर्च विचारून घ्या. त्यातले दोन मोठे खर्च एकाच वर्षात आले असं धरा. वरच्या कुटुंबात ती बेरीज सव्वानऊ लाख होते. हा झाला आजचा भाव. खर्च दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर सात वर्षांत तो जवळजवळ दुप्पट, म्हणजे अठरा लाखांच्या घरात जातो. तेव्हा लक्ष्य वीस ते पंचवीस लाखांचं ठेवावं.

एवढ्या रकमेची मूळ पॉलिसी या वयात महाग पडते. त्यावरचा मार्ग म्हणजे दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर दहा लाख डिडक्टिबलचा पंधरा लाखांचा सुपर टॉप-अप. वर्षातली बिलं मिळून दहा लाखांच्या वर गेली की सुपर टॉप-अप सुरू होतो. साधा टॉप-अप मात्र प्रत्येक बिल वेगळं मोजतो. त्यामुळे पावणेपाच आणि साडेचार लाखांच्या बिलांपाठोपाठ आणखी चार लाखांचं बिल आलं, तरी तो एक रुपया देणार नाही.

रक्कम मोठी असूनही पैसे कमी मिळू शकतात. अनेक पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असते. पाच लाखांच्या पॉलिसीत ती दिवसाला पाच हजार होते. आठ हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं असे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च दोन लाखांचे असतील तर सव्वा लाखच मंजूर होतात. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कपात लागू नसते. दहा लाखांच्या पॉलिसीत हीच मर्यादा दहा हजारांवर जाते.

को-पे मात्र विमा रक्कम वाढवून टळत नाही. वीस टक्के को-पे असेल, तर पाच लाखांच्या मंजूर बिलातले एक लाख आपल्यालाच भरावे लागतात. ते पैसे बँकेत बाजूला ठेवायला हवेत.

रक्कम नंतर वाढवू, असंही म्हणू नका. आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो, आणि वाढवलेल्या रकमेला तो नव्याने लागतो. हे आजार प्रस्ताव अर्जात लपवले तर दावाच नाकारला जाऊ शकतो.

सत्तरी पूर्ण केलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. खासगी विमा असला तरी ते घेता येतं. मात्र उपचार योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच होतात. त्यामुळे ते कार्ड जरूर काढा, पण आपल्या हिशेबातून पाच लाख वजा करू नका.

सही करण्याआधी एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्या: खोलीभाड्याची मर्यादा, को-पेची टक्केवारी आणि मोतीबिंदू, गुडघे यांसारख्या उपचारांवरच्या वेगळ्या मर्यादा. या तिन्ही चांगल्या असतील तर दहा अधिक पंधरा लाखांची रचना आई-वडिलांसाठी निर्धास्तपणे निवडा. त्या वाईट असतील, तर रक्कम कितीही मोठी दिसली तरी दुसरी पॉलिसी शोधा.